काराकासचे श्रीमंत राजाविरुद्ध आणि गरीब राजाच्या बाजूनं, असं का झालं?

ऋजुता_क

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षं स्पॅनिश शिकतेय, त्या निमित्तानं दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांचं वाचायला घेतलंय. शाळेत एका परिच्छेदात उरकलेलं एवढंच आठवतं की बोलिव्हार नावाचा एक सेनापती होता आणि त्यानं स्पेनला हाकललं.

पण व्हेनेझुएलापाशी येऊन अडकलेय. १८१० साली काराकासमध्ये स्पेनचा अधिकारी हटवला तो तिथल्या सगळ्यात श्रीमंत घराण्यांनी. कोकोचे मळे, घरात गुलाम, पिढ्यान् पिढ्या तिथंच जन्मलेले पण रक्तानं स्पॅनिश, ज्यांना क्रिओय्यो म्हणतात ते लोक. आणि चारच वर्षांनी, १८१४ मध्ये, याच लोकांना काराकास सोडून पळायला लावलं ते तिथल्याच गरीब घोडेस्वारांनी, आणि तेसुद्धा स्पेनच्या राजाचं नाव घेऊन! राजाला शिव्या द्यायला हव्यात ते राजासाठी लढतायत आणि ज्यांचं सगळं बरं चाललंय ते बंड करतायत. हे उलटं का झालं? कुणी नीट वाचलेलं असेल तर सांगा.

रेवदंडेकर

क्रिओय्यो म्हणजे मिश्र रक्ताचेच ना? आमच्या रेवदंड्याला खाडीपलीकडे कोर्लई आहे, तिथं अजून पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली एक बोली बोलतात, तिला क्रिओल म्हणतात. लहानपणी बाजारात ऐकलीय मी, मासे विकायला यायच्या बायका त्या आपसात बोलायच्या. मग हे लोक मिश्रच असतील तर त्यांना गोरे कसं म्हणायचं?

अप्पा_वाचक

रेवदंडेकर, शब्द एकाच मुळातला आहे पण व्हेनेझुएलात त्याचा अर्थ वेगळा. तिथं क्रिओय्यो म्हणजे अमेरिकेत जन्मलेला गोरा. मिश्र रक्ताच्या माणसाला तिथं पार्दो म्हणायचे आणि हा फरक पुसला जाऊ नये म्हणून क्रिओय्यो जिवाचं रान करायचे. लोकसंख्येत पार्दो निम्म्याच्या आसपास, सगळे गोरे मिळून पाचवा हिस्सा धरा, आणि त्या गोऱ्यांतही वरची मोजकी घराणी म्हणजे मान्तुआनो. हे नाव कशावरून पडलं बघा, त्यांच्या बायकांनाच चर्चला जाताना डोक्यावरून विशिष्ट वस्त्र, मान्ता, घ्यायची परवानगी होती. दुसऱ्या बाईनं घेतलं तर गावात बोभाटा.

ऋजुता, तुझ्या प्रश्नाचं उत्तर १८१० मध्ये शोधू नकोस, चाळीस वर्षं मागं जा. काराकासमध्ये सेबास्तियान दे मिरांदा नावाचा कापडाचा व्यापारी होता, कॅनरी बेटांवरून आलेला. गोराच, पण दुकानदार. १७६४ मध्ये त्याला स्थानिक पलटणीत कॅप्टन केलं. १७६९ मध्ये गोऱ्यांची नवी पलटण उभी राहिली आणि मान्तुआनो अधिकारी अडून बसले की हा गल्ल्यावर बसून कापड मोजणारा माणूस आमच्या बरोबरीचा अधिकारी चालणार नाही, त्याचं रक्तही शुद्ध नाही म्हणे. त्यानं पद सोडलं तरी यांचं समाधान होईना. गावाच्या नगरसभेनं, म्हणजे काबिल्दोनं, जिच्यात सगळे हेच बसलेले, त्याला फर्मान काढलं की गणवेश घातलास आणि हातात ती कॅप्टनची काठी धरलीस तर तुरुंगात घालू. बिचाऱ्यानं पदरचे पैसे खर्च करून पूर्वजांचे दाखले गोळा केले, माद्रिदला पाठवले. आणि १७७० मध्ये राजा तिसऱ्या कार्लोसचा हुकूम आला, सेबास्तियान गणवेश घालू शकतो, काठी धरू शकतो, कुणी त्रास द्यायचा नाही.

आता सांग, या दुकानदाराच्या नजरेत जुलमी कोण? हजारो मैलांवरचा राजा की कोपऱ्यावरच्या वाड्यातला मान्तुआनो?

ऋजुता_क

अप्पाकाका, हे फ्रान्सिस्को दे मिरांदाचे वडील का? तोच जो पुढं स्वातंत्र्याचा प्रचार करत युरोपभर फिरला?

अप्पा_वाचक

तेच. मुलगा १७७१ मध्ये, एकविसाव्या वर्षाच्या आत, घर सोडून स्पेनला गेला. बापाचे हे हाल त्यानं डोळ्यांनी बघितले होते. १८१० नंतर तो परत आला तेव्हा त्याच मान्तुआनोंच्या मुलांनी त्याचं स्वागत केलं खरं पण त्याच्यावर मनापासून विश्वास कधी ठेवला नाही असं मला तरी वाचताना सतत जाणवतं.

निशिगंध

मला तर पहिल्या भागात काहीच कोडं दिसत नाहीये, म्हणजे श्रीमंतांनी बंड का केलं त्यात. मी एका कारखान्यात एकोणीस वर्षं काढली. प्लांट आमच्या जिल्ह्यात, माणसं आमची, काम आम्हाला तोंडपाठ, पण प्लांट हेड कायम हेड ऑफिसवरून यायचा. तीन वर्षं बसायचा, आमच्याकडूनच शिकायचा आणि प्रमोशन घेऊन जायचा. पगार वाईट नव्हता आमचा, घर झालं, मुलांची शिक्षणं झाली. पण ती खुर्ची आपली कधीच नाही हे एकदा कळलं ना की माणूस आतून तुटतो. क्रिओय्योंचं हेच असणार. मोठ्या पदांवर स्पेनहून माणसं यायची ना?

अप्पा_वाचक

हो निशिगंध, यायची. कॅप्टन-जनरल स्पेनचा, वरिष्ठ न्यायाधीश बहुतेक तिकडचे. क्रिओय्योंच्या हातात काबिल्दो तेवढी. त्यात व्यापाराची वेसण, कोकोचा व्यापार १७२८ पासून कित्येक दशकं बास्क प्रांतातल्या एका कंपनीच्या मुठीत होता, भाव तीच ठरवणार. तुमची तुलना मला पटते, एक गोष्ट सोडून. तुमच्या कारखान्यात वरचे अडवत होते एवढंच होतं. मान्तुआनोंना एकाच वेळी वरून अडवलेलंही नको होतं आणि खालून कुणी वर आलेलंही नको होतं.

१७९५ मध्ये स्पेननं दरपत्रकच काढलं, ठरावीक रक्कम भरा आणि पार्दोपणातून कागदोपत्री सूट मिळवा. ५०० रेआल अशी फी होती, नंतर वाढवून ७०० केली. काराकासच्या काबिल्दोनं त्यावर राजाला कळवळून विरोध कळवला. दिएगो मेखियास बेखारानो नावाच्या पार्दोनं रीतसर सूट मिळवली, तरी त्याच्या मुलाला घ्यायला काराकासच्या विद्यापीठानं विरोध केला. इथंही तेच चित्र बघ, दार उघडतोय राजा आणि आतून कडी लावतायत गावातले क्रिओय्यो. त्यात १७९१ पासून हैतीमध्ये गुलामांचं बंड पेटलेलं, १७९५ मध्ये खुद्द व्हेनेझुएलात कोरोच्या डोंगरात होसे लिओनार्दो चिरिनोनं उठाव केला. त्यामुळे ही मंडळी रात्री घाबरून झोपायची.

टेकडीवरून

एवढं खोलात जायची गरजच नाही. सगळं नेपोलियनमुळे झालं. त्यानं १८०८ मध्ये स्पेनच्या बापलेकांना बायोनला बोलावून दोघांकडून गादी काढून घेतली आणि स्वतःच्या भावाला बसवलं. राजाच नाही म्हटल्यावर वसाहती सुटल्या. नेपोलियन नसता तर १८१० पण नसतं.

अप्पा_वाचक

ठिणगी तीच, मान्य. १८१० च्या सुरुवातीला अंदालुसियासुद्धा फ्रेंचांच्या हातात गेला आणि राजाच्या नावानं कारभार करणारी मंडळी कादिसला जाऊन अडकली ही बातमी एप्रिलमध्ये काराकासला पोचली आणि लगेच तो प्रसंग घडला. पण नेपोलियननं पूर्ण उत्तर मिळत नाही. राजा गेला म्हणून सगळेच स्वतंत्र व्हायला धावले असते तर कोरो आणि माराकाइबो ही व्हेनेझुएलातलीच शहरं काराकासविरुद्ध राजाच्या बाजूला का राहिली?

तो प्रसंग मात्र सांगतोच, मला फार आवडतो. १९ एप्रिल १८१०, ईस्टरच्या आधीचा गुरुवार. कॅप्टन-जनरल व्हिसेन्ते एम्पारान काबिल्दोची बैठक आटोपून चर्चकडे निघालाय. चौकात जमाव. फ्रान्सिस्को सालियास नावाचा तरुण चर्चच्या दारात त्याचा दंड धरतो, चला परत बैठकीला. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला हात लावला आणि पहारेकरी जागचे हलले नाहीत, तिथंच सत्ता संपली होती. आत वाद झाल्यावर एम्पारान सज्जात येतो आणि लोकांनाच विचारतो, मी राहावं असं तुम्हाला वाटतं का? त्याच्या मागं मादारियागा नावाचा पाद्री उभा, तो लोकांना खुणा करून नाही म्हणा नाही म्हणा सांगतोय. लोक ओरडतात, नाही! एम्पारान म्हणतो, मग मलाही हा कारभार नको. झालं. गोळी नाही, रक्त नाही. आणि नवीन समिती शपथ घेते कुणाच्या नावानं, तर कैदेतल्या राजा सातव्या फर्नांदोच्या हक्कांचं रक्षण करण्याची.

ऋजुता_क

हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे सुरुवातीला स्वातंत्र्य म्हटलंच नव्हतं.

अप्पा_वाचक

ते ५ जुलै १८११ ला. आणि डिसेंबरात केलेली राज्यघटना बघ, तिच्यात तुझं उत्तर आहे. पार्दोंवरचे कायदेशीर भेद रद्द केले, ही मोठीच गोष्ट, नाकारू नये. पण मतदानाला मालमत्तेची अट घातली. बाहेरून गुलाम आणायला बंदी, मात्र जे गुलाम आहेत ते गुलामच. पळालेले गुलाम पकडायला गस्तीचं पथक उभारलं. आणि दक्षिणेच्या गवताळ मैदानात, ज्याला यानो म्हणतात, तिथं शेकडो वर्षं मोकाट गुरं पकडून जगणारे घोडेस्वार होते, यानेरो, त्यांच्यावर निर्बंध आणले, परवान्याशिवाय फिरायचं नाही, गुरं धरायची नाहीत, नाहीतर फटके. मैदान मळेवाल्यांच्या मालकीचं ठरवायचं होतं ना. यानेरोला प्रजासत्ताक पहिल्यांदा भेटलं ते असं.

मैदानी_पाखरू

आणि वर भूकंप! २६ मार्च १८१२, परत ईस्टरच्या आधीचाच गुरुवार, लोक चर्चमध्ये भरलेले. काराकास भुईसपाट झालं, हजारोंनी माणसं गेली, आणि राजनिष्ठ पाद्री ढिगाऱ्यांवर उभे राहून सांगायला लागले की ज्या दिवशी राजाच्या माणसाला काढलंत त्याच पवित्र दिवशी देवानं शिक्षा दिली. चार महिन्यांत पहिलं प्रजासत्ताक गेलं. मला वाटतं भूकंप झाला नसता तर टिकलं असतं.

अप्पा_वाचक

भूकंपानं घाई झाली एवढंच म्हणेन. जूनअखेर पुएर्तो काबेय्योचा किल्ला गेला, दारूगोळा सगळा तिथं, आणि किल्ल्याचा अंमलदार होता २८ वर्षांचा बोलिव्हार. मिरांदानं जुलैत शरणागती पत्करली. ज्या राज्याला वाचवायला रस्त्यावर कुणी उतरत नाही ते भूकंपाशिवायही पडलं असतं असं माझं मत आहे, पण तुमचं खोडून काढायला माझ्याकडे पुरावा नाही.

आता बोव्हेस. होसे तोमास बोव्हेस, मूळचा स्पेनच्या ओव्हिएदोचा, खलाशी, तस्करीत पकडला गेल्यावर यानोमधल्या कालाबोसो गावात येऊन दुकान टाकून बसला. गुरांचा, घोड्यांचा व्यापार, यानेरोंमध्ये उठबस. १८१२ मध्ये प्रजासत्ताकाच्या लोकांनी त्याला तुरुंगात टाकलं. राजनिष्ठ फौजेनं सोडवला आणि मग तो जो उठला! हजारो यानेरो त्याच्यामागं गेले. त्याचं सांगणं साधं, गोऱ्या मळेवाल्यांची मालमत्ता तुमची. तो त्यांच्यातच जेवायचा, त्यांच्यासारखा जमिनीवर झोपायचा. १५ जून १८१४ ला ला पुएर्ताला त्यानं बोलिव्हारच्या सैन्याची धूळधाण केली. जुलैमध्ये काराकासमधून जवळजवळ वीस हजार माणसं पूर्वेकडे पायी निघाली, बायका, म्हातारी, पोरं, चिखलातून, आणि त्यातली कितीतरी वाटेत मेली. बोव्हेस स्वतः डिसेंबरात उरिकाच्या लढाईत भाल्यानं मेला.

टेकडीवरून

म्हणजे बोव्हेस गरिबांचा क्रांतिकारक म्हणायचा?

मैदानी_पाखरू

अजिबात नाही! त्यानं शरण आलेल्यांच्या कत्तली केल्यात. गरिबांना लूट मिळाली, जमीन नाही मिळाली. लुटीला क्रांती म्हणू नका.

अप्पा_वाचक

कत्तली दोन्हीकडून झाल्या, पाखरू. १८१३ मध्ये बोलिव्हारनं त्रुहियोला जाहीरनामा काढला की स्पेनमध्ये किंवा कॅनरीत जन्मलेला माणूस आमच्या बाजूनं काम करत नसेल तर नुसता तटस्थ असला तरी मरेल, आणि अमेरिकेत जन्मलेला दोषी असला तरी जगेल. १८१४ च्या फेब्रुवारीत काराकास आणि ला ग्वाइरामधले आठशेच्या वर कैदी त्याच्या हुकमानं मारले. त्या जाहीरनाम्यात एक डाव होता, इथं जन्मलेले सगळे एका बाजूला अशी रेघ ओढायची, रंग विसरायला लावायचा. यानेरोंनी ती रेघ मानली नाही. त्यांच्या डोळ्यांपुढं मळेवाला आणि मजूर हीच रेघ होती. बोव्हेसला काय म्हणायचं यावर अभ्यासकांत एकमत नाही आणि माझंही नक्की ठरत नाही.

ऋजुता_क

मग हेच यानेरो पुढं बोलिव्हारकडे कसे आले? कारण शेवटी जिंकला तोच.

अप्पा_वाचक

हा प्रश्न खरा. १८१५ मध्ये स्पेननं मोरिय्यो नावाच्या सेनापतीबरोबर दहा हजारांची शिस्तबद्ध फौज पाठवली आणि या फौजेला बोव्हेसचे अनवाणी, रंगीत लोक लाजिरवाणे वाटले. त्यांचे हुद्दे मानले नाहीत, लुटीतला वाटा दिला नाही, घरी जा म्हणाले. राजाचा माणूस आता मान्तुआनोसारखाच वागायला लागला.

दुसऱ्या बाजूला बोलिव्हार हरून हैतीत पोचला. तिथला अध्यक्ष पेतियों, गुलामांनी जिंकलेल्या देशाचा अध्यक्ष, त्यानं जहाजं, बंदुका दिल्या आणि बदल्यात एकच मागितलं, गुलाम मुक्त कर. २ जून १८१६ ला कारूपानोला बोलिव्हारनं तशी घोषणा केली.

टेकडीवरून

म्हणजे १८१६ ला गुलामगिरी संपली.

मैदानी_पाखरू

नाही हो. १४ ते ६० वयाच्या पुरुषांनी सैन्यात यायचं ही अट होती. जो येणार नाही तो आणि त्याचं कुटुंब गुलामच. १८२१ च्या कायद्यानं पुढं जन्मणारी मुलं मुक्त, पण अठरा वर्षं आईच्या मालकाकडे राबायचं, १८३० मध्ये व्हेनेझुएलानं ते एकवीस केलं. पूर्ण बंदी १८५४ मध्ये, आणि भरपाई ठरली ती मालकांना. युद्ध संपल्यावर तीस वर्षांनी.

अप्पा_वाचक

पाखरूनं बरोबर सांगितलं. तिसरी गोष्ट होसे अंतोनियो पाएझ. गरीब घरचा, लहान वयात ला काल्सादा नावाच्या गुरांच्या वाड्यावर नोकरीला लागला. तिथला मुकादम होता मानुएलोते, एक उंचापुरा काळा गुलाम. दिवसभर या पोराला घोड्यावर राबवायचा आणि रात्री झोळीत पडून स्वतःचे चिखलाचे पाय त्याच्याकडून धुऊन घ्यायचा. हे पाएझनं स्वतः आत्मचरित्रात लिहिलंय. असा माणूस यानेरोंचा सरदार झाला, त्याला त्यांच्यात मिसळायचं नाटक करावं लागलं नाही. २ एप्रिल १८१९ ला दीडशेच्या आसपास स्वार घेऊन त्यानं आराउका नदी ओलांडली, मोरिय्योच्या घोडदळासमोर पळाल्याचं दाखवलं, ते पांगून पाठलागाला आले आणि मग एकदम घोडी वळवून भाले घातले.

रेवदंडेकर

हा तर गनिमी कावा!

अप्पा_वाचक

अगदी. आता बोलिव्हारनं त्यांना काय देऊ केलं ते. १० ऑक्टोबर १८१७ चा कायदा, शत्रूची जप्त केलेली मालमत्ता सैनिकांत वाटायची. सेनापतीला २५,००० पेसो, साध्या शिपायाला ५००. बोव्हेसनं तोंडी जे सांगितलं ते यानं कागदावर आणलं म्हण. शिपायाला लगेच जमीन नाही मिळाली, मिळाली चिठ्ठी. ती चिठ्ठी घेऊन शिपाई काय करणार? जमीन मोजून कधी मिळेल माहीत नाही, घरी खायला नाही, तो येईल त्या भावाला विकणार, दर्शनी किमतीच्या अगदी थोड्या अंशाला. घेणारे कोण, तर वरचे अधिकारी आणि व्यापारी. अशा चिठ्ठ्या गोळा करून ज्यांनी मोठमोठे मळे केले त्यांत स्वतः पाएझ आला. मळेवाले काही बदलले, मळे तसेच राहिले.

निशिगंध

हे वाचून कसंतरी झालं. आमच्या भागात धरणग्रस्तांना पर्यायी जमिनीचे कागद मिळाले होते, त्यातले बरेच जणांनी असेच विकले. माझ्या मामांनी विकला. वाट बघायची ताकदच नसते हो माणसात.

पणजी_ते_पॅरिस

उशिरा आले धाग्यावर. आमच्या गोव्यात १७८७ चा पिंटोंचा कट झाला तोही हाच प्रकार ना? वरची धर्मपदं पोर्तुगालहून येणाऱ्यांना, म्हणून कांदोळीच्या पिंटोंकडे जमून इथल्या पाद्र्यांनी बंडाचा बेत केला. म्हणजे पिंटो आमचे क्रिओय्यो.

अप्पा_वाचक

ताई, तक्रार तीच, पण माणसं वेगळी. पिंटो मंडळी इथल्याच मातीतली, बाटलेल्या ब्राह्मण घराण्यांतली. क्रिओय्योशी जुळणारे गोव्यात कोण शोधायचे तर पोर्तुगीज वंशाचे इथं जन्मलेले, ज्यांना देसेन्देन्त म्हणायचे. त्यांची संख्या इतकी थोडी की त्यांच्या जिवावर देश वेगळा काढता आला नसता. व्हेनेझुएलात मान्तुआनोंकडे जमीन, गुलाम, पलटण आणि नगरसभा चारही होतं.

पणजी_ते_पॅरिस

हे पटलं. आमच्या घरात हे दोन्ही एकच म्हणून सांगायचे, आता आईला फोन करून सांगते.

मैदानी_पाखरू

अप्पाकाका, पण तुम्ही पियारला सोयीनं गाळलंत. मानुएल पियार, कुरासाओचा, पार्दो सेनापती. ज्या ग्वायाना प्रांताच्या जोरावर बोलिव्हार परत उभा राहिला ती याच माणसानं सान फेलिक्सची लढाई मारून जिंकून दिली. त्यालाच पार्दोंना भडकवतो म्हणून १६ ऑक्टोबर १८१७ ला आंगोस्तुरात भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. तुमच्या त्या जमिनीच्या कायद्यानंतर सहाच दिवसांनी! मारिन्यो नावाच्या दुसऱ्या सेनापतीनं, जो गोरा क्रिओय्यो, त्यानंही बोलिव्हारला डावलून स्वतःची सभा भरवली होती. त्याला माफी. मान्तुआनोपणा रक्तातून गेला नव्हता बोलिव्हारच्या.

अप्पा_वाचक

गाळलं नाही, यायचं होतं तिथं. पियारनं उघड हुकूम मोडला होता आणि ऐन युद्धात सैन्य रंगावरून दुभंगलं असतं तर १८१४ परत आलं असतं, ही भीती खोटी नव्हती. पण मारिन्योचा मुद्दा मला कधीच नीट सोडवता आलेला नाही, हे कबूल करतो.

ऋजुता_क

मला आजच वाचनात आलं की बोलिव्हारची सख्खी मोठी बहीण मारिया अंतोनिया युद्धात राजाच्या बाजूची होती, १८१४ मध्ये देश सोडून गेली आणि हवानात स्पेनच्या राजाकडून तिला पेन्शन मिळायची. आणि १८२५ मध्ये बोलिव्हारनं याच बहिणीला पत्र लिहून सांगितलं की इपोलिताला हवं नको ते बघ. इपोलिता म्हणजे त्याला दूध पाजणारी गुलाम बाई. तिच्याशिवाय दुसरा बाप मला माहीत नाही, असं त्यानं लिहिलंय, बापच म्हटलंय. मारिन्योचं मी मूळ स्पॅनिशमधून वाचायला घेते, पाखरू, तुझ्याकडे पियारच्या खटल्याच्या कागदांचं काही असेल तर इथंच टाक.